पैसे भरले तो दिवस

शिकवणीचे अ‍ॅप का घेतले, असे मंठ्यातील एखाद्या कापड दुकानदारास विचारले तर ‘मुलांच्या प्रगतीसाठी’ एवढेच उत्तर येते. त्यातून हाती काही लागत नाही. म्हणून अमेरिकेतील बॉब मोएस्टा यांनी रूढ केलेल्या मुलाखतीत पैसे भरले त्या दिवसापासून मागे जातात. त्या आठवड्यात काय घडले? आधी काय करून पाहिले? मग समजा असे उलगडले, की दुकान रात्री नऊला बंद होते, मुलीचे इंग्रजी माध्यमाचे गणित आईस सांगता येत नाही आणि घरात रोज वाद होतो. अ‍ॅप घेतले ते त्या एका तासासाठी. नुकतेच ग्राहक झालेल्या दहा-बारा घरांच्या हकिकतींत हेच वळण पुन्हा आढळले, तर नवे व्हिडिओ थांबवून आधी रात्री शंका सोडवणारा शिक्षक नेमावा. अ‍ॅप सोडून गेलेल्यांकडेही अवश्य जावे. तो तास कुठे हुकला, हे तेच सांगतात.