पिवळा रंग म्हणजे पिकलेला आंबा नव्हे!

हापूसची पेटी उघडावी, वरचा पेंढा बाजूला सारावा आणि फळांच्या खाली वर्तमानपत्राच्या कागदाची पुडी सापडावी. नाकाशी नेली तर लसणीसारखा उग्र दर्प. ही कॅल्शियम कार्बाइडची पुडी. फळ बाहेरून हळदीसारखे एकसारखे पिवळे. कापले तर कोयीलगत फिकट, आंबट आणि करकरीत. गिऱ्हाईक हजारो रुपये मोजून रंग विकत घेते आणि आंबा समजून घरी नेते. हा उघड दरोडा आहे आणि तो वर्षानुवर्षे भरदिवसा चालू आहे!

कार्बाइडने फळ पिकवायला कायद्याने बंदी आहे. पुडीला फळाच्या अंगची ओल लागली की ॲसिटिलीन वायू निघतो आणि भेसळीच्या कार्बाइडमधून आर्सेनिक व फॉस्फिनचे अंशही सुटतात. लसणीचा दर्प त्याच भेसळीचा. ॲसिटिलीन हा इथिलीनचा दुबळा नकलाकार. आंबा पिकवणारा खरा वायू इथिलीन, आणि तो आंबा स्वतःच तयार करतो. आपल्या आजीला हे नाव ठाऊक नव्हते, पण एक नासका आंबा सगळी अढी नासवतो हे ठाऊक होते. त्या एका आंब्याच्या इथिलीनने शेजारचा जागा होतो, त्याच्या इथिलीनने पुढचा.

आंबा, केळे, पपई, चिकू, टोमॅटो ही फळे तोडल्यावरही पिकतात. शास्त्राने त्यांना क्लायमॅक्टेरिक म्हटले, कारण पिकताना त्यांचा श्वास एकदम उसळी घेतो. आंबा आणि केळे झाडावरून उतरताना पिठूळ स्टार्चचा शिधा बरोबर घेऊन निघतात. इथिलीनची हाक आली की त्या स्टार्चची साखर होते, गर मऊ पडतो, वास सुटतो. द्राक्ष, संत्रे, डाळिंब, स्ट्रॉबेरी यांच्याजवळ असा शिधा नाही. झाडाने पाजली तेवढीच साखर! आंबट द्राक्षाचा घड तोडला की तो कायमचा आंबट. हिरव्या संत्र्याला इथिलीन दिले तर सालीतले हरितद्रव्य जाऊन ते केशरी दिसेल, पण रसाची गोडी रतीभरही वाढणार नाही. अशा संत्र्याला ‘पिकवलेले’ म्हणून विकणे ही शुद्ध फसवणूक आहे.

आणि कोवळ्या आंब्याचे काय? मोसमाच्या सुरुवातीचा चढा भाव गाठायला जे फळ पुरते भरण्याआधी उतरवले जाते, त्याच्या पोटी स्टार्चच पुरेसा नाही. त्याला कार्बाइड द्या, शुद्ध इथिलीन द्या, साल पिवळी होईल. साखर कुठून येणार? म्हणून पुडीइतकाच गुन्हा अवेळी चालवलेल्या झेल्याचा आहे.

इथिलीनला मात्र बंदी नाही. 2016 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने दहा लाखांत शंभर भागांपर्यंत त्याचा वापर मान्य केला. केळ्याची खोली साधारण 16 ते 18 अंशांवर, दमट हवेत, बंद ठेवायची आणि चोवीस तास एवढा वायू द्यायचा. पुढचे काम फळ स्वतःच करते. पण मध्येच दारे उघडून कोंडलेला कर्बवायू बाहेर घालवावाच लागतो. तो साठला तर इथिलीनचा परिणामच अडतो आणि पिकणे वेडेवाकडे होते. बरे चालवलेल्या खोलीतला आंबाही सारखा पिकतो आणि त्याचा गर कोयीपर्यंत रंगतो. हे साधे तंत्र हाताशी असताना विषारी पुडी का?

दुसरी अक्कलशून्यता शीतगृहातली. एकाच खोलीत पिकत आलेला आंबा आणि पालेभाजी, गाजर रचणारे मालक आम्ही पाहिले आहेत. आंब्याच्या इथिलीनने पालेभाजी पिवळी पडते आणि गाजर कडू होते. शिवाय प्रत्येकाची थंडी निराळी. द्राक्षे शून्य अंशाजवळ खूश. हापूस बारा-तेरा अंशांखाली बरेच दिवस ठेवला की साल काळवंडते आणि तो पुढे कितीही वाट पाहिली तरी धड पिकत नाही. एक खोली, एक तापमान, सगळी फळे: या हिशेबात नुकसान ठरलेलेच, आणि ते शेवटी शेतकऱ्याच्या पट्टीतून कापले जाते.

बागेतच एक बादली पाणी ठेवा. नुकत्याच उतरवलेल्या कच्च्या हापूसमधला भरलेला आंबा बुडतो, कोवळा तरंगतो. तरंगणारा पेटीत जाता कामा नये, आणि ज्या आडत्याच्या गाळ्यावर पुडी सापडेल त्याचा परवाना त्याच दिवशी निलंबित झाला पाहिजे!