‘विचार व्हावा’ म्हणजे आधी काय?

बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा म्हणजे सतराव्या शतकाच्या आरंभी, अब्दुर्रहीम खानखानानच्या काळात, सातपुड्याच्या पायथ्याचं झिरपतं पाणी उताराने शहरात आणणारे भूमिगत बोगदे आणि त्यांवर ओळीने असलेल्या विहिरीसारख्या कुंड्या. त्याच्यावर सल्लागाराने अहवाल लिहिला तर शेवट ठरलेला: ‘कूपनलिकांवर नियंत्रण, क्षारांची सफाई आणि पुनर्भरण यांचा यथोचित विचार व्हावा.’ यावर जिल्हाधिकारी सही कशाखाली करणार? मी तेच वाक्य असं लिहीन: पहिलं, वरच्या अंगाला नव्या खोल कूपनलिका बंद; कारण इथे पंप नाही, भूजल बोगद्याच्या तळाखाली गेलं की आत काही झिरपतच नाही, मग भिंती कितीही खरवडा. दुसरं, पुनर्भरणाचे बंधारे; पण जिरवलेलं पाणी कूपनलिकांनीच ओढलं तर खर्च वाया, म्हणून दुसरं. सफाई तिसरी, जरी फोटो तिचेच छान येतात. हा क्रम कधी उलटेल तेही तिथेच नोंदवायचं: वरच्या कुंड्यांत भरपूर पाणी आणि खालच्या कोरड्या, असं दिसलं तर अडथळा मधे साचलेल्या क्षारांचा असण्याची शक्यता मोठी, आणि मग सफाई पहिली. हे तपासायला भर उन्हाळ्यात ओळीने कुंड्यांची पातळी मोजावी लागते; त्याला दोरी आणि माणूस पुरतो.