चाळीसचा भ्रम

"मामा, चाळीसचा स्पीड येतोय. काळजी नको," दुधनीहून भाचीचा फोन. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तिची तीन तासांची परीक्षा होती, घरूनच, कॅमेऱ्यासमोर. मी विचारलं, "अपलोड किती?" तिने पाहिलं. १.१ एमबीपीएस.

चाळीस हा डाउनलोडचा आकडा. प्रश्नपत्रिका उतरायला फारसं काही लागत नाही. खरा भार उलट दिशेला असतो. कॅमेऱ्याचं चित्र, आवाज आणि बऱ्याच परीक्षांत स्क्रीनसुद्धा सलग वर जात असते. साध्या चित्राला अर्धा ते एक एमबीपीएस लागतो, एचडीला दीड-दोन. म्हणून मी सलग तीन मिळतील असं पाहतो.

खोट घरातच निघाली. दाजींच्या फोनवरून लग्नाचे व्हिडिओ क्लाउडवर चढत होते आणि घराला लागून असलेल्या अडत दुकानाचा सीसीटीव्हीही त्याच राउटरवर होता. दोन्ही थांबवले, लॅपटॉप केबलने राउटरला जोडला. अपलोड सहावर गेलं. तरी एका मोजणीवर विसंबू नये. परीक्षेच्याच वेळी, म्हणजे आदल्या दिवशी दहाला, व्हिडिओ कॉल चालू ठेवून हे पाहावं:

```
ping -t 8.8.8.8
```

वेळ मधूनच चारशे-पाचशे मिलिसेकंदांवर उडाली किंवा `Request timed out` येत राहिलं, तर चित्र अडखळणार.

मग बॅकअप. "पप्पांचा हॉटस्पॉट आहे की!" आहे, पण पॅक रोजच्या दीड जीबीचा. दोन एमबीपीएसने तासाला सुमारे ९०० एमबी जातात, म्हणजे पावणेदोन तासांच्या आतच कोटा संपतो. पुढे वेग इतका पडतो की चित्र जातच नाही. आदल्या रात्री वेगळा डेटा पॅक टाकायला लावला. सिम दुसऱ्या कंपनीचं होतं, ते बरं झालं. परीक्षेच्या खोलीत फोन चालत नव्हता, म्हणून तो शेजारच्या खोलीत खिडकीपाशी, चार्जरवर ठेवला. दुधनी सीमेवरचं गाव. कुठल्या कोपऱ्यात सिग्नल स्थिर राहतो, ते तिथेच पाहावं लागतं.

शेवटी सराव परीक्षा चालू असताना बाहेरून येणारी फायबरची वायर काढायला सांगितली. नेट गेलं, पण राउटर चालूच होता, त्यामुळे लॅपटॉप केबललाच चिकटून राहिला. राउटरची केबल हाताने काढल्यावर तो हॉटस्पॉटवर आला. जोडणी बदलली की आयपी पत्ताही बदलतो, म्हणून पुन्हा लॉगिन करावं लागलं. सगळं मिळून दीड मिनिट गेलं. दुसऱ्या खेपेला अर्ध्या मिनिटात झालं.

रात्री दाजींनी कळवलं, "उद्या एकपर्यंत सीसीटीव्ही बंद. गल्ल्यावर मीच बसतो."