सगळ्याच आल्या तर?

दोन दुकानांनी मिळून एक ऑफर काढायची, हा फंडा आता काही नवा राहिलेला नाही. पिझ्झ्याच्या डब्यावर सिनेमाच्या तिकिटाचं कूपन, पेट्रोल भरलं की कार्डावर पॉइंट्स, असं आपण रोजच बघतो. पण हे मोठ्यांचे खेळ झाले. जळगावात भाड्याच्या गाळ्यात कुर्ती विकणारी माझी मावसबहीण शेजारच्या पार्लरवाल्या ताईंकडे हाच प्रस्ताव घेऊन निघाली, तेव्हा तिच्याकडे मार्केटिंग डिपार्टमेंट वगैरे काही नव्हतं. होती एक बिलबुकं भरलेली पिशवी आणि गाळ्याच्या भाड्याचं टेन्शन. शहरात मोठ्या साखळी दुकानांच्या सेलचे बॅनर लागलेले, आणि मे महिन्यातल्या जळगावच्या उन्हात दुपारी कुत्रंसुद्धा रस्त्यावर येत नाही. गिऱ्हाईक कुठून येणार?

निघण्याआधी मी तिला एवढंच सांगितलं, की तुला काय हवंय ते शेवटी बोल. आधी ताईंचं काय रिकामं पडतं ते शोध.

प्रस्ताव मांडताना बहुतेक जण इथंच घसरतात. ‘माझ्याकडे एवढी गिऱ्हाइकं आहेत, तुम्ही त्यांना डिस्काउंट द्या’ असं म्हटलं, की समोरच्याला ऐकू येतं, ‘तुमच्या खिशातून माझी जाहिरात करा.’ पार्लरचा माल म्हणजे खुर्ची आणि वेळ. मंगळवार सकाळची रिकामी खुर्ची बुधवारी विकता येत नाही. ती गेली ती गेलीच. कुर्तीचं तसं नाही. आज नाही खपली तर उद्या खपेल. म्हणून पार्लरने फुकट दिलेला ६०० रुपयांचा क्लीन-अप त्याला शंभरेक रुपयांच्या क्रीम-सामानात पडतो, अट एकच, तो रिकाम्या वेळेत दिला पाहिजे. शनिवारी संध्याकाळी दिला तर पैसे देणारी बाई बाकावर ताटकळत बसते आणि तोच क्लीन-अप सहाशेला पडतो. बुटीकने दिलेले २५० रुपये मात्र थेट नफ्यातून जातात. त्यामुळे दोघींची भेट सारखीच दिसली, तरी त्यांचा खर्च सारखा नसतो. हे आधी कागदावर मांडलं की पुढची भांडणं टळतात.

बहीण गेली तीही मंगळवारीच, सकाळी ११ला, पार्लर रिकामं असताना. एका पानावर चार ओळी. बुटीकमध्ये २००० रुपयांच्या वर खरेदी करणाऱ्या बाईला पार्लरच्या क्लीन-अपचं कूपन. पार्लरमध्ये १००० रुपयांच्या वर बिल झालेल्या बाईला बुटीकमध्ये १५००च्या खरेदीवर २५० रुपये सूट. आपापल्या भेटीचा खर्च ज्याचा त्याने सोसायचा, एकमेकींना पैसे देणं-घेणं नाही. आणि मुदत ठरलेली, पसंत नाही पडलं तर तिथंच थांबायचं.

ताईंनी पान वाचलं आणि खास जळगावी सुरात विचारलं, “फुकट वाटून आम्ही काय करून राहिलो मग?”

प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर होतं वेळापत्रकात. २०२५ची आखाजी ३० एप्रिलला होती. आपल्याकडे आखाजी म्हणजे माहेरवाशिणी येणार, झोके बांधणार, नवे कपडे होणार. त्याआधीचे दहा दिवस दोन्ही दुकानं भरलेली. त्या गर्दीत ऑफर वापरू द्यायची काहीच गरज नाही, पण कूपन वाटायला याहून चांगली वेळ नाही. म्हणून ठरलं असं, की कूपनं २० ते ३० एप्रिलमध्ये वाटायची आणि ती चालणार ६ ते २९ मे, फक्त मंगळवार, बुधवार आणि गुरुवार, सकाळी १० ते १. दुपारची वेळ पार्लरला आणखी सोयीची होती, पण मेच्या दुपारी तोंड बांधून कोण येणार? रिकामी वेळ गिऱ्हाइकालाही जमणारी हवी, नाहीतर ती ऑफर नुसती कागदावरच गोड. (ऑफिसवाल्या मैत्रिणींची यात पंचाईत झाली, हे मान्य. त्यांना बुटीकवालीने दुसरं काही दिलं, पण तो विषय वेगळा.)

आता खरा प्रश्न. कूपनं किती छापायची?

इथं मला दर वेळी हूवरची गोष्ट आठवते. व्हॅक्यूम क्लीनरवाली हूवर. १९९२मध्ये या कंपनीने ब्रिटनमध्ये एका ट्रॅव्हल एजन्सीला जोडीला घेऊन ऑफर काढली. १०० पौंडांची कोणतीही हूवर वस्तू घ्या आणि युरोपची दोन जाऊन-येऊन विमान तिकिटं फुकट मिळवा. पुढे त्यात अमेरिकाही घातली. हिशेब असा होता, की फॉर्म भरण्याच्या कटकटीला कंटाळून फार थोडे लोक शेवटपर्यंत येतील, आणि येतील त्यांना हॉटेल, विमा वगैरे विकून एजन्सी खर्च काढेल. लोक मात्र झुंडीने आले. ज्यांना व्हॅक्यूम क्लीनर नको होता तेही तो घेऊन गेले, कारण तिकीट त्याहून कितीतरी महाग होतं. दोन लाखांहून जास्त लोक उडाले, कंपनीला सुमारे ५ कोटी पौंडांचा खड्डा पडला, १९९३मध्ये वरचे अधिकारी घरी गेले, कोर्टातले दावे पुढे कित्येक वर्षं चालले आणि १९९५मध्ये हूवरचा युरोपातला धंदा विकला गेला. गणित कच्चं होतं असं नाही. ते ‘थोडेच येतील’ या गृहीतावर उभं होतं, एवढंच.

म्हणून आम्ही गणित उलट्या टोकाने मांडलं. सगळ्याच आल्या तर? एका क्लीन-अपला पाऊण तास. तीन तासांत एका खुर्चीवर चार. ताई दोन खुर्च्या द्यायला तयार होत्या, म्हणजे दिवसाला आठ. आठवड्याचे तीन दिवस, चार आठवडे, एकूण बारा दिवस. झाले ९६. कूपनं छापली ८०. म्हणजे एकही बाई घरी राहिली नाही तरी सगळ्यांना खुर्ची मिळाली असती.

पण त्यातही एक खोच आहे. कूपन मिळालेल्या बायका चार आठवड्यांत सारख्या वाटून येत नाहीत. पहिल्या आठवड्यात ‘बघू नंतर’ आणि शेवटच्या आठवड्यात ‘अगं, संपतंय ना!’ म्हणून कूपनावर मोठ्या अक्षरात छापलं, ‘आधी फोन करून वेळ घ्या. मुदतीत वेळ मिळाली नाही तर पुढच्या आठवड्यात नक्की.’ प्रत्यक्षात आल्या त्या आठवड्यागणिक ६, ९, १२ आणि १९. पाहिलंत?

आता जाहिरात. ताईंनी सहज म्हटलं, “तुमच्या बायकांचे नंबर द्या, मीच मेसेज टाकते.” बहिणीने नंबर दिले नाहीत आणि बरंच केलं. त्या बायकांनी नंबर दिला होता तो कुर्ती शिवून झाली की कळावं म्हणून, पार्लरच्या मेसेजसाठी नाही. ज्या कामासाठी संमती दिली त्याच कामासाठी माहिती वापरावी, हेच २०२३च्या डिजिटल डेटा संरक्षण कायद्याचंही सूत्र आहे. शिवाय अनोळखी नंबरवरून ऑफर आली की बाई वाचत नाही, ब्लॉक करते.

म्हणून प्रत्येकीने आपापल्या बायकांना, आपल्या आवाजात सांगितलं. बुटीकचा मेसेज होता, ‘आखाजीची खरेदी आमच्याकडे, नंतरचा क्लीन-अप शेजारच्या ताईंकडे, आमच्यातर्फे.’ पार्लरचा होता, ‘चेहरा आम्ही बघतो, कपड्यांवर २५० रुपये शेजारी वाचवा.’ आधी ओळखीचं नाव, मग नवं. खाली अटी मात्र दोन्हीकडे शब्दशः त्याच, आणि दोन्ही मेसेज एकाच दिवशी, ११च्या सुमारास. एकीची बाई आधी पोहोचली आणि दुसरीच्या काउंटरवरची मुलगी ‘कुठली ऑफर?’ म्हणाली, की संपलं. म्हणून मुलींना आदल्या दिवशीच कूपन हातात देऊन समजावलं.

व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट वापरत असाल तर एक लक्षात ठेवा. तो मेसेज फक्त तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच पोहोचतो, आणि एका लिस्टमध्ये २५६च जण बसतात. बहिणीच्या यादीत ४०० नावं होती, पण किती जणींनी तिचा नंबर सेव्ह केला होता, देव जाणे. त्यामुळे खरं काम केलं ते बिलासोबत हातात दिलेल्या कूपनाने. इन्स्टाग्रामवर मात्र दोघींच्या नावाने एकच कोलॅब पोस्ट टाकता येते. एकीने टाकायची, दुसरीने निमंत्रण स्वीकारायचं, की ती दोन्हीकडे दिसते. स्वीकारायला विसरलात तर ती एकाच घरची पोस्ट राहते.

एक गडबड झालीच. पार्लरमधल्या नव्या मुलीने कूपनवाल्या बाईला न विचारता ब्लीच लावलं आणि वर ३५० रुपये मागितले. बाई भांडायला आली ती पार्लरमध्ये नाही, बुटीकमध्ये! कूपन ज्याने दिलं, शब्द त्याचा, हे गिऱ्हाईक बरोब्बर धरून चालतं. ताईंनी पैसे परत केले आणि त्या दिवसापासून कूपनावर शिक्का, ‘याव्यतिरिक्त काहीही विचारल्याशिवाय नाही.’

हिशेब असा झाला. पार्लरकडे ८०पैकी ४६ कूपनं परत आली, सामानाचा खर्च साधारण ४६०० रुपये. बुटीकने ६० वाटली, १९ आली, सूट गेली ४७५०. खर्च जवळपास सारखाच. पण खरी गोष्ट कूपनाच्या पाठीवर होती, तिथं ‘पहिल्यांदाच आलात का?’ असा चौकोन ठेवला होता. पार्लरकडे ४६पैकी २१ जणी पहिल्यांदा आलेल्या, आणि जुलैअखेर त्यातल्या ९ जणी स्वतःचे पैसे देऊन पुन्हा आल्या. बुटीकला १९मध्ये ८ नवे चेहरे मिळाले. बाकीच्या तशाही येणाऱ्याच होत्या, त्यांना दिलेली सूट म्हणजे निव्वळ खर्च.

हीच ऑफर धुळ्यात एकीने जशीच्या तशी उचलली. आग्रा रोडवरचं कपड्यांचं दुकान आणि देवपुरातलं पार्लर. तिथंही ८० वाटली, आली पाच. अंतर काही फार नाही, पांझरेवरचा पूल ओलांडला की देवपूर. पण आग्रा रोडला खरेदीला येणाऱ्या बऱ्याच बायका साक्री, शिंदखेड्याकडच्या गावांतून येतात आणि संध्याकाळची एसटी पकडतात. पार्लरच्या बायका देवपुरातल्याच. क्लीन-अपसाठी कोण पुन्हा धुळ्याला येणार? शेजार भिंतीचा असो नसो, गिऱ्हाईक एक हवं. ते तपासायला सर्व्हे लागत नाही. दोघांनीही शेवटच्या पन्नास बिलांवरच्या बायका कुठल्या, ते एका कागदावर लिहून शेजारी ठेवायचं. तीच नावं दिसत नसतील, तर चहा पिऊन उठायचं.

जळगावच्या ताईंचा जूनमध्येच बहिणीला फोन आला होता. श्रावणात कानबाई आहेत, त्याआधी पुन्हा करायचं का म्हणून. “आणि या वेळी,” त्या म्हणाल्या, “खुर्च्या तीन धर. पण मंगळवार नको, आता मंगळवारी गर्दी असते.”