अरुंधतीची रजा कुणी मंजूर करायची?

मालिकांचा विषय निघाला की आपल्याकडे दोन ठरलेली मतं ऐकू येतात. पहिलं असं, की ही नुसती करमणूक आहे. टीआरपी येतो, म्हणजे लोकांना हेच हवंय. दुसरं मत सुशिक्षितांचं: या मालिकांनी बायकांना मागे नेलं. मला दोन्ही मतं आळशी वाटतात.

'आई कुठे काय करते!' घ्या. 2019च्या डिसेंबरात 'स्टार प्रवाह'वर सुरू झालेली ही मालिका 2024च्या नोव्हेंबरात संपली. मूळ कथा 'श्रीमोयी' या बंगाली मालिकेची, आणि तिचंच हिंदी रूप 'अनुपमा'. अरुंधती देशमुखच्या नवऱ्याचं, अनिरुद्धचं, ऑफिसातल्या संजनाशी प्रकरण असतं. ते कळल्यावर अरुंधती घटस्फोट घेते, पुन्हा गाऊ लागते, स्वतःच्या पायावर उभी राहते आणि मुलं मोठी झालेली असताना आशुतोष केळकरशी लग्न करते. कांचन, म्हणजे सासूबाई, थयथयाट करतात. सासरे अप्पा मात्र सुनेच्या बाजूनं उभे राहतात. आता हिला 'बायकांना मागे नेणारी मालिका' कोणत्या तोंडानं म्हणायचं? तीस वर्षांपूर्वी ज्या घरात घटस्फोट हा शब्द कुजबुजत उच्चारला जायचा, त्याच घरात रात्रीच्या जेवणाला ही गोष्ट सासू-सुना शेजारी बसून पाहत होत्या.

पण पुढे काय होतं ते बघा. घर सुटलं, नवरा बदलला, तरी देशमुखांच्या 'समृद्धी' बंगल्यात कुणाचं बिनसलं की निरोप अरुंधतीलाच. मुलाचा संसार मोडतोय, मुलगी हट्टाला पेटलीय, अप्पांची तब्येत बिघडलीय. धावून जायचं तिनंच. अनिरुद्ध मुलांचा बाप आहे, पण पेच सोडवणं त्याच्या वाट्याला येत नाही, तो पेच वाढवतो. मालिकेनं अरुंधतीला जवळजवळ सगळं दिलं. सगळ्यांची मनं सांभाळण्याच्या कामातून सुट्टी तेवढी दिली नाही.

इटलीचा विचारवंत अंतोनिओ ग्राम्शी मुसोलिनीच्या तुरुंगात ज्या धुरीणत्वाबद्दल लिहीत होता, ते हेच. धाकावर चालणारी सत्ता त्याला समजत होतीच. तो विचारत होता, लोक आपणहून मान का डोलावतात? त्याच्या उत्तरातला एक भाग असा, की वरचढ गट खालच्यांच्या काही मागण्या मान्य करतो, फक्त मुळाला हात लागू देत नाही. अप्पांचा पाठिंबा आठवा. अरुंधतीचं बंड योग्य ठरतं, कारण घरातला वडीलधारा पुरुष त्याला संमती देतो. बंडाला परवानगी मिळते आणि परवानगी देणारी खुर्ची जागच्या जागी राहते.

या घरात विमल नावाची कामवाली बाईही आहे. ती प्रेमळ आहे, घरचीच मानलेली आहे. 'घरचीच' म्हटलं की पगार, सुट्टी, तिचं स्वतःचं घर हे प्रश्न सहसा कथेचे होत नाहीत. देशमुख-केळकरांचं बंगल्यातलं जग हेच 'मराठी घर' होऊन बसतं, आणि जात कुणी उच्चारावीच लागत नाही.

आता टीआरपीचा दावा. निवडक घरांतल्या टीव्हीला मीटर जोडून कुणी काय पाहिलं ते मोजतात. पाहणाऱ्याला ते पटलं का, हे त्यात येत नाही. शिवाय रोज नवा भाग द्यायचा, तर एकच सेट आणि त्यात बरीच माणसं हे गणित स्वस्त पडतं. अरुंधती खरोखर निघून गेली, तर दिवाणखान्याचा सेट ओस पडेल. त्यामुळे एकत्र कुटुंबाचा आग्रह लेखकाच्या मनात असो-नसो, निर्मितीच्या हिशोबात तो असतोच.

'बायकांना मागे नेलं'वाल्यांनाही उत्तर हवं. स्टुअर्ट हॉल यानं 1973मध्येच मांडलं होतं, की प्रेक्षक संदेश जसाच्या तसा गिळत नाही. कुणी स्वीकारतो, कुणी घासाघीस करतो, कुणी उलटा वाचतो. अनिरुद्धची समाजमाध्यमांवर जी टर उडाली, ती बहुतेक ही घासाघीसच. मात्र ती कशावर चालते? अरुंधतीनं दुसरं लग्न करावं का, अनिरुद्धला माफ करावं का, यावर आपण हिरिरीनं भांडतो. तरण्याताठ्या मुलांचे प्रश्न आईकडेच का जातात, यावर भांडण होत नाही. जे भांडणात येतच नाही, तिथे धुरीणत्व सगळ्यात भक्कम असतं. ते पकडायचं तर संवाद सोडा. भर भांडणात मागून चहाचा ट्रे कोण आणतं, तेवढं पाहा.

म्हणून मालिका बंद करा असं मी म्हणणार नाही. लेखकांकडे मागणी एवढीच: पुढच्या मालिकेतल्या अरुंधतीनं एक आठवडा फोन उचलू नये, आणि तिथल्या अनिरुद्धनं घर सांभाळून दाखवावं.