वकिलाच्या हाती द्यायचे पहिले पान

जमिनीचे काम घेऊन वकिलाकडे जाताना आपण काय नेतो? प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेले सातबारे, झेरॉक्सवर झेरॉक्स काढलेले खरेदीखत, पावत्या आणि मरहूम अब्बांची एखादी वही. वकील पिशवी उघडतो आणि त्याचे पहिले दोन तास कागद लावण्यातच जातात. हे काम घरी बसून करता येते. सगळ्या कागदांवर एक पान लिहून ठेवायचे: जमीन कोणाकडून कोणाकडे आली आणि कुठे शंका आहे.

एक उदाहरण घेऊ. गडचिरोली तालुक्यातले 1.60 हेक्टर धानाचे शेत. दादांनी 1968 मध्ये खरेदी केले. त्यांच्यानंतर ते एकुलत्या मुलाकडे, म्हणजे अब्बांकडे आले. अब्बा 1991 मध्ये वारले. आता दोन भावांना शेत विकायचे आहे.

सुरुवात आजच्या सातबाऱ्यापासून करायची आणि मागे जायचे. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर नावाजवळ वर्तुळात आकडा असतो. तो फेरफाराचा नंबर. त्या नंबरचा फेरफार काढला की नाव कशामुळे चढले ते कळते: खरेदी, वारस की वाटणी. असे मागे जात 1954-55 च्या अधिकार अभिलेखापर्यंत पोचायचे. मग पानावर मात्र जुन्यापासून नव्याकडे लिहायचे. प्रत्येक ओळीत साल, कोणाकडून, कोणाकडे, कशाने आणि पिशवीतला कागद क्रमांक. कागद नसेल तर 'कागद नाही' असे स्पष्ट लिहा. त्या जागी घरात ऐकलेली गोष्ट भरू नका. लिहायचीच तर 'घरच्यांच्या सांगण्यानुसार' असे म्हणा.

आपल्याकडे आणखी एक ओळ लागते. गडचिरोली जिल्हा 26 ऑगस्ट 1982 रोजी झाला. त्याआधीच्या कागदांवर जिल्हा चांदा किंवा चंद्रपूर असेल. ही चूक नव्हे, पण जुनी नक्कल कुठे शोधायची ते त्यावर ठरते.

आता शंका. या शेताच्या पहिल्याच दुव्यात मोठी शंका आहे, आणि घरचे लोक नेमकी तीच लिहायला कचरतात. 1968 चा विक्रेता गोंड होता. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यावर 6 जुलै 1974 पासून कडक बंधन आले. कलेक्टरच्या परवानगीशिवाय ती घेता येत नाही. त्याआधीच्या, 1 एप्रिल 1957 पासूनच्या व्यवहारांसाठी जमीन मूळ मालकाला परत देण्याचा वेगळा कायदा झाला. त्यात कोणी अर्ज केला नसला तरी सरकारी अधिकारी स्वतःहून चौकशी सुरू करू शकत होते. म्हणून 'विक्रेता आदिवासी होता' एवढे लिहून थांबू नका. नोटीस आली होती का, तहसीलमध्ये केस चालली का, निकालाची नक्कल आहे का, हेही लिहा. ही गोष्ट लपवली तर वकिलाचा सल्ला चुकीचा ठरेल, आणि घेणाऱ्याचा वकील ती एका दिवसात शोधून काढेल. शिवाय तिकडे दुसऱ्या एका कुटुंबाचा हक्क असू शकतो, हेही विसरायला नको.

दुसरी शंका घरातलीच. 1991 नंतरच्या वारस फेरफारात अम्मी आणि दोन भाऊ आहेत. तिन्ही बहिणी नाहीत. अब्बांचे आईवडील आधीच वारले होते. शरियतप्रमाणे पत्नीला आठवा हिस्सा, उरलेल्यात मुलाला मुलीच्या दुप्पट. रुपयात मांडले तर अम्मीला दोन आणे, प्रत्येक बहिणीला दोन, प्रत्येक भावाला चार. म्हणजे तिघी बहिणींचे मिळून सहा आणे, 60 आर जमीन, त्या सातबाऱ्यावर दिसतच नाही.

भाऊ म्हणतात, "बाजींनी तोंडी सोडून दिले." मग ते कधी, कोणासमोर, आणि त्यानंतर शेताचा ताबा कोणाकडे होता, हे लिहा. तोंडी हिबाला देणाऱ्याने जाहीर करणे, घेणाऱ्याने स्वीकारणे आणि ताबा देणे या तिन्ही गोष्टी लागतात. फेरफारात नाव नाही म्हणून हक्क गेला, असे होत नाही. पान लिहिण्याआधी बहिणींना फोन करून विचारावे. त्यांचे उत्तर वेगळे असेल तर तेही त्यांच्याच शब्दांत पानावर आले पाहिजे.

शेवटी प्रश्न लिहा, पण मोजके. "काही अडचण आहे का?" हा प्रश्न नव्हे. या शेतासाठी असे लिहिता येईल:

"1968 च्या खरेदीवर जमीन परत करण्याची कारवाई झाली होती का, हे कुठे तपासावे? आज तसा दावा होऊ शकतो का? बहिणींची नावे लावण्यासाठी नवा वारस फेरफार करावा, की त्यांना विक्रीखतात सामील करावे? अम्मी 2015 मध्ये वारल्या. त्यांचे दोन आणे कसे वाटले जातील?"

खाली तारीख आणि पान लिहिणाऱ्याचे नाव. मूळ कागद घरीच ठेवा आणि नकला द्या.