विश्लेषण : खेकड्यातून फुप्फुसात शिरणारा कृमी… क्षयरोगाचा भास कशामुळे?

महिनोनमहिने खोकला, थुंकीतून रक्त, एक्स-रेमध्ये फुप्फुसावर डाग. भारतात अशा रुग्णाबाबत पहिला संशय क्षयरोगाचाच येतो आणि बहुतेक वेळा तो खराही असतो. मात्र मणिपूर, नागालँड, अरुणाचल प्रदेशात याच लक्षणांमागे कधी कधी अर्धकच्च्या खेकड्यातून आलेला कृमी असतो. तो न ओळखल्यास रुग्ण सहा महिने क्षयरोगाची औषधे घेतो आणि कृमी फुप्फुसात तसाच राहतो.

हा कृमी नेमका कोणता?

पॅरागोनिमस हा चपटा पर्णकृमी आहे. पूर्ण वाढ झाल्यावर तो साधारण एक सेंटिमीटर लांब आणि कॉफीच्या बीसारखा दिसतो. रुग्णाच्या थुंकीतून किंवा शौचातून त्याची अंडी ओढ्यात पोहोचतात. अंड्यातून निघालेली अळी आधी गोड्या पाण्यातील गोगलगाईत वाढते, मग खेकड्यात शिरते आणि तेथे कवच करून राहते. ईशान्य भारतात माणसांमध्ये प्रामुख्याने पॅरागोनिमस हेटरोट्रेमस ही जात आढळली आहे.

तो फुप्फुसापर्यंत कसा पोहोचतो?

खेकडा नीट शिजला नसेल, तर जिवंत अळी पोटात जाते. लहान आतड्यात तिचे कवच सुटते. आतड्याची भिंत भेदून ती उदरपोकळीत येते, तेथून श्वासपटल ओलांडून फुप्फुसात शिरते. दोन-तीन महिन्यांत तिचा पूर्ण कृमी होऊन अंडी घालू लागतो. त्याच्याभोवती गाठ तयार होते. ती श्वासनलिकेत फुटली की तपकिरी, गंजासारखा बेडका पडतो. हा आजार रुग्णाच्या खोकल्यातून दुसऱ्याला होत नाही.

क्षयरोगाशी गल्लत का होते?

दोन्ही आजारांत खोकला, रक्त, छातीत दुखणे, कधी फुप्फुसाभोवती पाणी होते. एक्स-रेतील डाग आणि पोकळ्याही मिळत्याजुळत्या असतात. मुख्य घोळ प्रयोगशाळेत होतो. क्षयरोगाच्या जंतूंसाठी थुंकी रंगवून हजारपट मोठी करून पाहतात. कृमीचे अंडे जंतूपेक्षा कितीतरी मोठे, ते कमी क्षमतेच्या भिंगाखाली साध्या, न रंगवलेल्या थुंकीत शोधावे लागते. शिवाय रंगवण्याच्या प्रक्रियेत अंडी बिघडू शकतात. सीबीनॅट चाचणी तर केवळ क्षयरोगाच्या जंतूचा जनुकीय अंश शोधते. कृमीबाबत ती काहीच सांगत नाही.

समजा, डोंगरी गावातील तरुण वर्षभर खोकतो आहे. एक्स-रेत डाग आहे, थुंकीत जंतू नाहीत. लक्षणे पाहून ‘थुंकी-निगेटिव्ह क्षयरोग’ ठरवून उपचार सुरू होतात. दोन महिन्यांनीही रक्त पडणे थांबत नाही. आता औषधांना दाद न देणारा क्षयरोग असल्याची शंका येते आणि आणखी तीव्र औषधे दिली जातात. ‘ओढ्यातले खेकडे कसे खाता?’ हा प्रश्न मात्र कोणी विचारलेला नसतो.

फरक कसा ओळखावा?

काही खुणा उपयोगी पडतात. रक्त बराच काळ पडूनही रुग्णाची भूक आणि वजन अनेकदा टिकून असते, ताप फारसा नसतो. रक्ततपासणीत इओसिनोफिल या पेशी वाढलेल्या दिसतात. क्षयरोगात असे सहसा होत नाही. खात्री अंडी दिसल्यावर होते. लहान मुले बेडका गिळतात, म्हणून त्यांची शौचतपासणीही करावी लागते. संसर्ग नवा असेल किंवा कृमी फुप्फुसाच्या आवरणातच असेल तर थुंकीत अंडी सापडत नाहीत. तेव्हा रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी आधार ठरते. मात्र एकाच रुग्णाला दोन्ही आजार असू शकतात. त्यामुळे अंडी सापडली म्हणून क्षयरोगाची तपासणी सोडता येत नाही.

उपचार काय?

प्राझिक्वांटेल हे औषध वजनानुसार, दिवसातून तीनदा, दोन-तीन दिवस देतात. सहा महिन्यांच्या तुलनेत हा उपचार फारच छोटा. अडचण अशी, की क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन शरीरातील प्राझिक्वांटेलचे प्रमाण खूप घटवते. दोन्ही एकत्र घेतल्यास कृमीवरील औषध निष्प्रभ ठरू शकते. म्हणून क्रम डॉक्टरांनीच ठरवावा. रुग्णाने क्षयरोगाची औषधे स्वतःहून बंद करू नयेत.

खेकडे खाणे सोडावे का?

नाही. उष्णतेने अळी मरते. आतल्या मांसाचे तापमान किमान ६३ अंश सेल्सिअसपर्यंत जायला हवे. रटरटून उकळलेल्या रश्श्यात ते सहज होते. निखाऱ्यावर वरवर भाजलेला खेकडा, कच्चा ठेचा किंवा औषध म्हणून दिलेला खेकड्याचा रस धोकादायक. मीठ, व्हिनेगर किंवा मद्यात मुरवण्यावर विसंबता येत नाही. कच्चा खेकडा ज्या सुरीने फोडला, ती आणि हात धुतल्याशिवाय कोशिंबीर चिरू नये. अळी तेथूनही पोटात जाऊ शकते.